सहा लाल कप आणि एक फुटलेला दिवा: कॅरन रीड खटल्यातली पुराव्याची साखळी

२९ जानेवारी २०२२ ची सकाळ. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनजवळच्या कँटन या गावी हिमवादळ सुरू होतं. सहा वाजून गेल्यावर फेअरव्ह्यू रोडवरच्या एका घरापुढच्या हिरवळीवर जॉन ओ'कीफ हा बॉस्टन पोलीस दलातला अधिकारी बर्फात बेशुद्ध सापडला. त्याला इस्पितळात नेलं, पण तो वाचला नाही. ज्या घरापुढे तो पडला होता ते घरही बॉस्टनच्याच दुसऱ्या एका पोलिसाचं होतं.

कँटन पोलिसांचे लेफ्टनंट तिथे पोहोचले तेव्हा बर्फ पडतच होता. वरचा थर हलवायला त्यांनी पाला उडवायचं यंत्र, म्हणजे लीफ ब्लोअर, वापरलं. बर्फाखालून एक फुटका ग्लास निघाला, रक्ताचे काही डाग दिसले. रक्त बर्फात मिसळलेलं होतं आणि जवळ योग्य डबे नव्हते. शेजारच्या घरातून पार्टीत वापरतात तसे लाल प्लास्टिकचे सहा कप मागून आणले, त्यांत तो रक्ताळलेला बर्फ भरला आणि कप किराणा दुकानाच्या कागदी पिशवीत ठेवले. त्या पिशवीचा फोटो पुढे अमेरिकाभर गाजला.

मी या खटल्याकडे वळलो तो याच फोटोमुळे. पण या प्रकरणातली खरी तूट कपांत नाही. ती आहे एका गाडीच्या मागच्या दिव्यात आणि दीड तासाच्या नोंदीत. कपांचं फक्त चित्र ठसठशीत आहे.

आरोप काय होता

ओ'कीफची मैत्रीण कॅरन रीड हिने त्या रात्री त्याला आपल्या लेक्सस गाडीतून त्या घरापाशी सोडलं होतं. सरकारी पक्षाचं म्हणणं असं की ती प्यायलेली होती, तिने गाडी जोरात मागे घेतली, त्याला धडक बसली आणि ती त्याला तिथेच टाकून निघून गेली. गाडीचा मागचा उजवा दिवा फुटलेला होता. बचाव पक्षाचं म्हणणं होतं की ओ'कीफ त्या घरात गेला, तिथे त्याला मारहाण झाली, आणि पोलिसांनी आपल्या माणसांना वाचवायला रीडला अडकवलं.

हा दुसरा आरोप कुठल्याही न्यायालयात सिद्ध झालेला नाही. वाचकाने हे पुढे वाचताना लक्षात ठेवावं, कारण साखळी, म्हणजे पुरावा कोणाच्या हातून कुठे गेला याची सलग नोंद, तुटली म्हणून कोणी पुरावा पेरलाच असं होत नाही. त्यातून एवढंच होतं की पेरला नाही हे सरकारी पक्षाला दाखवता येत नाही. आणि सिद्ध करायची जबाबदारी त्याच पक्षावर असते.

कँटन पोलीस दलातला एक अधिकारी त्या घरमालकाचा भाऊ होता. म्हणून कँटन पोलीस तपासातून बाजूला झाले आणि तो राज्य पोलिसांकडे गेला. मायकेल प्रॉक्टर हे मुख्य तपास अधिकारी झाले. निर्णय योग्य होता, पण पहिल्या काही तासांतला मुद्देमाल आधीच कँटनच्या हातांनी गोळा झाला होता.

कपांचं काय चुकलं

बर्फातलं रक्त गोळा करायची रीत अवघड नाही. शक्य तितका कमी बर्फ घ्यायचा, स्वच्छ डब्यात भरायचा, झाकण लावून सील करायचं, त्यावर क्रमांक, तारीख, वेळ, जागा आणि सही टाकायची, आणि तो गोठवून ठेवायचा. उघड्या कपात बर्फ वितळतो आणि रक्त पातळ होतं. सांडलं किंवा बाहेरून काही पडलं तर कळत नाही. कपाला सील नाही, म्हणजे मधे कोणी हात घातला का हे कप सांगूच शकत नाही. सीलचं काम चोराला अडवण्याचं नसतं. हात लागला असेल तर तो दिसावा, यासाठी सील असतं.

तरीही या कपांमुळे खटल्याचं फार बिघडलं असं मला वाटत नाही. ओ'कीफचं रक्त त्याच जागी सांडलं होतं, यावर मोठा वाद नव्हताच. कपांनी ज्यूरीला फक्त पहिली झलक दिली की इथे काम कसं चाललं होतं.

दिव्याचे तुकडे

आता मुख्य गोष्ट. सकाळी लेफ्टनंटने ब्लोअर फिरवला तेव्हा ग्लास आणि रक्त सापडलं, पण लाल किंवा पारदर्शक प्लास्टिकचा एकही तुकडा दिसला नाही. नंतर वादळामुळे माणसं तिथून निघाली. जागेवर पहारा राहिला नाही.

दुपारी राज्य पोलीस डायटन इथे, रीडच्या आईवडिलांच्या घरी गेले आणि लेक्सस ताब्यात घेतली. घराच्या कॅमेऱ्यानुसार गाडी ओढून न्यायला निघाली ती सव्वाचारच्या आसपास. तपासाच्या कागदांत मात्र जप्तीची वेळ ५:३० अशी लिहिली गेली. साडेपाचच्या सुमारास गाडी कँटन पोलीस ठाण्याच्या बंदिस्त गॅरेजमध्ये पोहोचली. तिकडे राज्य पोलिसांच्या शोध पथकाने पाचच्या सुमारास फेअरव्ह्यू रोडवर बर्फ उकरायला घेतला होता. पावणेसहाच्या सुमारास त्यांना दिव्याचे पहिले तुकडे मिळाले. पुढचे कितीतरी दिवस आणखी तुकडे मिळत राहिले. ४ फेब्रुवारीला कँटनच्या पोलीस प्रमुखांना रस्त्याने जाताना एक तुकडा दिसला.

या वेळा एकाखाली एक मांडल्या की अडचण आपोआप दिसते. जप्ती सव्वाचारला धरली, तर गाडी पोलिसांच्या ताब्यात असताना आणि पहिला तुकडा सापडण्याआधी सुमारे दीड तास गेला. ५:३० धरली, तर फक्त पंधरा मिनिटं. कागदावरची वेळ सरकारी पक्षाला सोयीची होती आणि कॅमेऱ्यातली गैरसोयीची. चूक निष्काळजीपणाची असेल, टंकलेखनाची असेल. पण बचाव पक्षाच्या वकिलाला ज्यूरीपुढे एवढंच विचारायचं होतं की तुमच्याच कागदावर चुकीची वेळ का आहे. त्याचं सरळ उत्तर मिळालं नाही.

दीड तासाचा हिशेब सुटला तरी सरकारी पक्षाकडे बचाव होता. सकाळी तुकडे बर्फाखाली असतील, ते वादळात दिसले नसतील. गाडी ठाण्यात पोहोचल्यावर काही मिनिटांत कोणी तुकडे तोडून, जाऊन, बर्फाखाली पुरून आलं हे पटणारं नाही. तुकडे प्रयोगशाळेत एकमेकांना आणि दिव्याच्या उरलेल्या भागाला जुळवून पाहिले, ते जुळले. दिव्यावर ओ'कीफचा डीएनए मिळाला आणि प्रॉक्टर यांचा मिळाला नाही. ही सगळी उत्तरं वजनदार आहेत. पण ती विज्ञानाने शोधावी लागली, कारण जप्तीच्या क्षणी करायचं साधं काम झालं नव्हतं.

ते काम असं. गाडी ताब्यात घेताना तिथेच, त्याच उजेडात, मागच्या उजव्या दिव्याचे जवळून फोटो काढायचे. त्यात किती भाग उरला आहे, किती गेला आहे ते शब्दांत लिहायचं. दिव्यावर कागद किंवा प्लास्टिक गुंडाळून चिकटपट्टीने सील करायचं, त्यावर सही आणि वेळ. मग गाडी उचलायची. गाडी दुसऱ्या टोकाला पोहोचल्यावर सील तसंच आहे हे बघून पुन्हा लिहायचं. दहा मिनिटांचं काम. ते झालं असतं तर दिव्याचा वाद उभाच राहिला नसता, कारण डायटनला दिवा किती फुटला होता हे एका फोटोने मिटलं असतं.

त्याऐवजी काय झालं? पहिला खटला निकालाविना संपला, आणि दुसऱ्या खटल्यात बचाव पक्षाने डायटनच्याच एका पोलीस सार्जंटला साक्षीदार म्हणून बोलावलं. त्याने त्या दुपारी गाडी प्रत्यक्ष पाहिली होती. त्याने सांगितलं की दिव्याला तडा होता, एक तुकडा निघालेला होता, पण नंतरच्या फोटोत दिसतो तसा तो पूर्ण फुटलेला नव्हता. त्याची आठवण चुकीची असू शकते. पण ती खोडायला जप्तीच्या जागेचा निर्विवाद फोटो लागतो.

बचाव पक्षाला दिव्याच्या तड्याचं वेगळं कारणही देता आलं. त्या पहाटे ओ'कीफच्या घरातून बाहेर काढताना रीडची गाडी त्याच्या उभ्या गाडीला टेकलेली कॅमेऱ्यात दिसली होती.

कपडे

ओ'कीफचे ओले, रक्ताळलेले कपडे इस्पितळातून पोलिसांकडे आले. ओले कपडे थेट बंद पिशवीत घालत नाहीत, बुरशी धरते. कागदावर पसरून वाळवतात. तसं केलं, ते बरोबरच होतं. पण कपडे प्रयोगशाळेत गेले ते कित्येक आठवड्यांनी. पुढे त्या कपड्यांतून झटकलेल्या कचऱ्यात दिव्याच्या प्लास्टिकचे बारीक कण मिळाले.

सरकारी पक्षासाठी हा धडकेचा थेट पुरावा होता. माझ्या मते इथेच साखळीचा ताण सर्वांत जास्त होता. बारीक कण हातमोज्यावरून, टेबलावरून, पिशवीच्या तळावरून सहज इकडून तिकडे जातात. दिव्याचे तुकडे आणि कपडे एकाच तपास पथकाच्या ताब्यात आठवडेच्या आठवडे होते. या काळात कपडे कुठल्या खोलीत, कुठल्या टेबलावर होते, तिथे आधी काय ठेवलं होतं, कोणी हात लावला, हे रोजच्या नोंदीत असतं तर कणांचं मोल टिकलं असतं. नोंद विरळ असली की तोच कण दोन गोष्टी सांगू शकतो, आणि संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. कपडे दुसऱ्या अधिकाऱ्याने, दुसऱ्या खोलीत ठेवून आठवड्याच्या आत पाठवले असते तर एवढं झालं नसतं.

आरशातलं फुटेज

डिजिटल पुराव्यातली चूक यापेक्षा वेगळ्या जातीची होती. कँटन ठाण्याच्या गॅरेजमध्ये कॅमेरा होता. गाडी आत आली तेव्हाचं फुटेज पहिल्या खटल्यात ज्यूरीला दाखवलं गेलं. राज्य पोलिसांचा सार्जंट साक्ष देत होता. गाडीच्या मागच्या उजव्या दिव्याजवळ कोणी गेलं नाही, असा त्या साक्षीचा रोख होता.

उलटतपासणीत बचाव पक्षाच्या वकिलाने दाखवून दिलं की चित्र आरशातल्यासारखं उलटलेलं आहे. डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. पडद्यावर जो दिवा डावा दिसत होता तो खरा उजवा, आणि त्याच्याजवळ माणूस दिसत होता. सार्जंटला ते मान्य करावं लागलं. फुटेज सलगही नव्हतं, मधल्या भागाचं चित्रणच नव्हतं.

चित्र कोणी मुद्दाम उलटवलं हे सिद्ध झालं नाही. कॅमेऱ्याच्या मांडणीमुळेही तसं होऊ शकतं. पण ज्या फुटेजवर सरकारी पक्ष विसंबून होता, ते उलटं आहे हे त्या पक्षाच्याच साक्षीदाराने आधी सांगायला हवं होतं. आणि उलटं चित्र ओळखणं अवघड नाही. चित्रात कुठेतरी अक्षरं असतात: नंबरप्लेट, भिंतीवरची पाटी, गाडीवरचं नाव. ती वाचून पाहिली की कळतं. गाडी चालवणारा कुठल्या बाजूने उतरतो तेही बघता येतं.

इथे हॅशबद्दल थोडं सांगायला हवं, कारण डिजिटल पुराव्याची साखळी म्हटली की लोक तेवढंच पाठ करतात. हॅश म्हणजे फाइलच्या प्रत्येक बिटवरून काढलेला एक आकडा. संगणकावर तो असा काढतात:

```
sha256sum garage_cam.mp4
```

उत्तरात ६४ अक्षरांची एक ओळ आणि शेवटी फाइलचं नाव येतं. फाइलमधला एक बिट बदलला तरी ती ओळ पूर्ण वेगळी येते. जप्तीच्या क्षणी हा आकडा काढून पंचांसमोर कागदावर लिहिला, आणि दोन वर्षांनी न्यायालयात तोच आकडा आला, तर फाइल बदललेली नाही हे नक्की.

पण त्याचं सामर्थ्य तेवढंच आहे. गॅरेजचं फुटेज उलटं असताना त्याचा हॅश घेतला असता, तर तो खटल्यातही तंतोतंत जुळला असता. चित्र तरीही उलटंच राहिलं असतं. हॅश सांगतो की त्या क्षणापासून काही बदललं नाही. त्या आधी काय झालं हे तो सांगत नाही. म्हणून फुटेज कोणी, कुठल्या यंत्रातून, कुठल्या सेटिंगवर, किती वाजता, सलग की तुकड्यांत काढलं, आणि यंत्राचं घड्याळ खऱ्या वेळेच्या किती पुढे-मागे होतं, हे त्याच दिवशी हाताने लिहावं लागतं. हॅशचा आकडा त्या नोंदीच्या शेवटी येतो.

जिथे साखळी टिकली

याच खटल्यात एक उलटं उदाहरण आहे, आणि त्याने फरक नीट कळतो. त्या रात्री त्या घरी आलेल्या एका बाईच्या फोनमध्ये `hos long to die in cold` असा शोध मिळाला. बचाव पक्षाच्या तज्ज्ञाने तो पहाटे २:२७ चा असल्याचं सांगितलं. ते खरं असतं तर ओ'कीफ सापडायच्या साडेतीन तास आधी कोणाला तरी सगळं माहीत होतं, असा अर्थ निघाला असता. सरकारी पक्षाच्या तज्ज्ञांनी सांगितलं की २:२७ ही ब्राउझरचा तो टॅब आधी उघडला गेल्याची वेळ आहे. शोध त्याच टॅबमध्ये सकाळी ६:२० नंतर, ओ'कीफ सापडल्यावर केला गेला.

भांडण जोराचं होतं. पण त्यात फोनमधला डेटा कोणी बदलला का, हा मुद्दा नव्हता. दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ फोनमधून काढलेला तोच डेटा वाचत होते. म्हणून तसाच फोन घेऊन, तसाच टॅब उघडून, डेटाबेसमध्ये काय लिहिलं जातं हे करून बघता आलं. कोणाचं वाचन बरोबर हे ज्यूरीला साक्षींवरून ठरवता आलं. दिव्याच्या बाबतीत अशी सोय नव्हती. सव्वाचारला दिवा कसा होता हे पुन्हा करून बघता येत नाही.

न्यायालयात काय झालं

मॅसॅच्युसेट्समध्ये साखळीत खोट असली म्हणून पुरावा सहसा बाद होत नाही. तो ज्यूरीपुढे जातो, आणि त्याला किती वजन द्यायचं ते ज्यूरी ठरवते. इथेही तुकडे, कपडे, फुटेज सगळं दाखल झालं.

वजन घटायला आणखी एक कारण मिळालं. प्रॉक्टर यांनी तपासादरम्यान मित्रांना आणि सहकाऱ्यांना रीडबद्दल अत्यंत हीन मेसेज पाठवले होते. जून २०२४ मध्ये त्यांना ते साक्षीच्या पिंजऱ्यात मोठ्याने वाचावे लागले. नोंद ज्याच्या हातची, तो माणूस आरोपीबद्दल असं लिहीत असेल, तर नोंदीतली प्रत्येक मोकळी जागा मोठी दिसू लागते. साखळी शेवटी माणसांच्या शब्दावर उभी असते. "मी घेतलं, मी ठेवलं, मी दिलं" एवढंच प्रत्येक कडीला सांगायचं असतं, आणि ते ऐकणाऱ्याला पटावं लागतं.

१ जुलै २०२४ ला पहिला खटला ज्यूरीचं एकमत न झाल्याने रद्द झाला. मार्च २०२५ मध्ये प्रॉक्टर यांना राज्य पोलिसांतून काढून टाकलं. दुसऱ्या खटल्यात विशेष सरकारी वकिलांनी त्यांना साक्षीला बोलावलंच नाही. हा विचारपूर्वक केलेला डाव होता, पण त्याने मुख्य तपास अधिकाऱ्याची कडी ज्यूरीसमोर रिकामीच राहिली. ओ'कीफच्या जखमा गाडीच्या धडकेने झालेल्या वाटत नाहीत, असं सांगणारे तज्ज्ञही बचाव पक्षाकडे होते. फक्त साखळीमुळे निकाल लागला असं म्हणणं बरोबर होणार नाही.

आपल्याकडची मोजपट्टी

आपल्या मालखान्यांचं ज्यांना माहीत आहे त्यांना यातलं काहीच परकं वाटणार नाही. मुद्देमालाचं पुडकं प्रयोगशाळेच्या खिडकीवर येतं तेव्हा तिथला माणूस आधी लाखेचा शिक्का बघतो, सोबत आलेल्या नमुना शिक्क्याशी तो जुळवतो, आणि मगच पुडकं घेतो. शिक्का अस्पष्ट असेल, किंवा नमुना आलाच नसेल, तर पुढची सगळी तपासणी कितीही चांगली झाली तरी न्यायालयात तोच प्रश्न पहिला येतो.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतल्या एका खटल्यात, फाशीची शिक्षा झालेल्या माणसाला निर्दोष सोडताना, डीएनए नमुन्यांसाठी देशभर लागू होतील असे निर्देश दिले. नमुना घेतल्यापासून ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचावा, उशीर झाला तर कारण लिहावं. खटला चालू असताना न्यायालयाच्या परवानगीशिवाय पुडकं उघडू नये की पुन्हा सील करू नये. आणि नमुना घेतल्यापासून निकालापर्यंत प्रत्येक हालचाल एका वेगळ्या नोंदवहीत यावी, ती वही खटल्याच्या कागदांना जोडावी. फेअरव्ह्यू रोडच्या कपड्यांना ही ४८ तासांची अट लावून बघा, म्हणजे कित्येक आठवडे हा काळ किती मोठा आहे ते कळेल.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावं लागतं. डायटनच्या अंगणात अशी पाच मिनिटांची चित्रफीत झाली असती तर दिव्याचा प्रश्न तिथेच संपला असता. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात आता हॅशचा रकाना आहे. तो भरताना माझी एकच विनंती असते: आकड्याशेजारी यंत्राचं घड्याळ आणि खरी वेळ यांतला फरकही लिहा. फॉर्म तो मागत नाही. पण कँटनमध्ये सगळं भांडण वेळांचंच होतं.

१८ जून २०२५ रोजी ज्यूरीने कॅरन रीडला खून, सदोष मनुष्यवध आणि जागेवरून पळून जाणं या आरोपांतून निर्दोष सोडलं. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल दोषी धरलं आणि एक वर्षाचं प्रोबेशन दिलं. ओ'कीफच्या मृत्यूसाठी आजवर दुसऱ्या कोणावर आरोप ठेवलेला नाही. त्याचे घरचे लोक दोन्ही खटल्यांना न्यायालयात बसून होते.